सामोपचार की चौकशी? अंतर्गत समितीकडे पहिल्यांदाच जाणाऱ्या बाईसाठी

ऑफिसातल्या लैंगिक छळाची तक्रार केली की अशा तक्रारींसाठी तिथे नेमलेली अंतर्गत समिती दोघांना समोर बसवून ‘मिटवून’ टाकते, असं अनेकींना वाटतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तसं काही नाही. त्यात सामोपचार, म्हणजे समितीमार्फत लेखी समझोता, आणि चौकशी असे दोन वेगळे मार्ग आहेत. कुठला घ्यायचा हे ठरवायचा पहिला हक्क तक्रार करणाऱ्या बाईचा आहे, पण नेमकं हेच तिला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. हिशेब विभागातल्या एका मुलीला तिचा वरिष्ठ रात्री-बेरात्री नको ते मेसेज पाठवतो. शेवटचा मेसेज १० जूनचा. ती एचआरला तोंडी सांगते, एचआरवाले त्याला केबिनमध्ये बोलावून समज देतात. मेसेज थांबतात. याला सामोपचार म्हणत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने अजून काहीच घडलेलं नाही, आणि मुदत मात्र सरकते आहे: शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सप्टेंबरअखेर तोच वरिष्ठ तिच्या कामाच्या मूल्यमापनात तिला तळाला टाकतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती समितीकडे जाते, तेव्हा मुदत टळलेली असते. कारणं पटली तर समिती ती लेखी नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. म्हणून एचआरकडे कधी गेलो आणि इतके दिवस का थांबलो, हे तक्रारीतच लिहावं. तक्रारीच्या सहा प्रती, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावं-पत्ते सोबत जोडायचे. लिहायला जमत नसेल तर मदत करणं हे समितीचं काम आहे.

आता रस्ता फुटतो.

सामोपचार चौकशी सुरू होण्याआधीच होऊ शकतो, तोही तिने स्वतः मागितला तरच. अध्यक्षबाईंनी ‘बघा, त्याचं करिअर आहे’ म्हणून सुचवायची ही गोष्ट नाही. असं कुणी म्हणालं तर ‘मी सामोपचाराची विनंती केलेली नाही’ एवढं ईमेलवर लिहून ठेवावं. पैसे घेऊन केलेली तडजोड कायद्याला चालत नाही. जे ठरेल ते समिती लिहून काढते, मालकाला पाठवते, प्रत दोघांना देते आणि पुढे चौकशी होत नाही.

त्यामुळे सगळा जोर शब्दांवर असतो. ‘यापुढे मी नीट वागेन’ हे वाक्य समझोत्यात असून नसल्यासारखंच, कारण ते मोडलं हे दाखवायचं कसं? त्याऐवजी ‘लेखी माफी अमुक तारखेपर्यंत, कामाबाहेरचा मेसेज नाही, तिचं मूल्यमापन दुसरा अधिकारी करेल’ अशा अटी हव्यात. त्यातली एक जरी त्याने पाळली नाही तरी तिने समितीला कळवायचं. मग समितीला चौकशी सुरू करावी लागते किंवा तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते.

चौकशीत समिती सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत त्याला पाठवते आणि तो दहा कामाच्या दिवसांत उत्तर देतो. मग दोघांचं, साक्षीदारांचं म्हणणं ऐकलं जातं. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेतच. वकील कुणालाच आणता येत नाही. पहिल्यांदा जाणारीला हे ऐकून बरंच हायसं वाटतं. हे सगळं नव्वद दिवसांत संपवायचं असतं. प्रत्यक्षात ते लांबतंही, म्हणून प्रत्येक तारखेची नोंद स्वतःकडे ठेवावी.

चौकशी चालू असताना लेखी मागणी करून अंतरिम दिलासा मागता येतो: दोघांपैकी एकाची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा तिचं मूल्यमापन दुसऱ्याकडे. आपल्या उदाहरणात ही शेवटची मागणी पहिल्याच दिवशी करायला हवी. बदली ‘तिच्या सोयीसाठी’ म्हणून तिच्यावरच लादली जाते असं दिसलं, तर मी हे मागितलेलं नाही असं लेखी कळवावं.

पुरावा कमी पडला तर उलट आपल्यावरच कारवाई होईल, ही भीती चौकशीचा मार्ग टाळायला लावते. पण नुसता पुरावा कमी पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असं कायद्यातच लिहिलं आहे. कारवाईसाठी दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे जातो आणि दोघांनाही मिळतो. मालकाने साठ दिवसांत शिफारशींवर अंमल करायचा. शिफारशी पटल्या नाहीत किंवा अंमल झाला नाही, तर नव्वद दिवसांत अपील करता येतं. सामोपचाराच्या समझोत्यावर अशा अपिलाची सोय कायद्याने दिलेली नाही. म्हणून सही करण्याआधी मसुदा घरी नेऊन वाचायला वेळ मागावा. तिथल्या तिथे सही करायची सक्ती कुणी करू शकत नाही.