इडलीचं पीठ फुगवतं कोण? यीस्ट की बॅक्टेरिया, या वादाची पार्श्वभूमी

फुगणं म्हणजे यीस्ट, हे समीकरण पावामुळे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की इडलीचं पीठ फुगलं की त्याचंही श्रेय लोक सरळ यीस्टला देऊन टाकतात. पण या पिठात आपण यीस्ट घालत नाही, विरजणही लावत नाही, नुसते तांदूळ, उडीद डाळ आणि पाणी, आणि तरी सकाळी पातेलं काठापर्यंत भरलेलं असतं. यावर बरीच वर्षं वाद चालला आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही.

फार जुन्या काळात जात नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये ‘इड्डरिका’ येते ती नुसत्या उडदाची, तांदूळ त्यात नाहीत, म्हणजे आजची इडली ती नव्हे.

खरा टप्पा 1965 चा. त्या वर्षी छापून आलेल्या एका शोधनिबंधात ठाम म्हटलं गेलं की पीठ फुगवण्याचं मुख्य काम ‘ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस’ हा बॅक्टेरिया करतो, यीस्ट नाही. असा जंतू एकटा पीठ फुगवू शकतो याची ही पहिलीच नोंद, असाही त्यांचा दावा होता. तो बाहेरून आणावा लागत नाही, डाळ-तांदळावरच असतो, भिजत घातल्यापासून वाढायला लागतो आणि वाटल्यावर जोर धरतो. दह्यातले नेहमीचे जंतू साखरेच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू बनवतात, त्यात गॅस अजिबात नाही, म्हणून दही आंबतं पण फुगत नाही. ल्युकोनोस्टॉकची वाट वेगळी आहे, तो त्याच साखरेपासून एक रेणू लॅक्टिक आम्ल, एक अल्कोहोल आणि एक कार्बन डायऑक्साइड काढतो, म्हणजे फुगणं आणि आंबणं एकाच जंतूकडून. सोबतीला एक स्ट्रेप्टोकोकस (आता त्याला एन्टेरोकोकस म्हणतात) आम्ल वाढवतो, आणि पीठ बरंच आंबलं की आम्ल जास्त सोसणारा पेडिओकोकस पुढे सरकतो.

मग 1970 आणि 80 च्या दशकांत दुसरी बाजू आली. पिठांच्या नमुन्यांत कॅन्डिडा, ट्रायकोस्पोरॉन असे यीस्ट सापडले आणि त्यांचाही वाटा आहे असं मांडलं गेलं. माझं मत स्पष्ट आहे, यीस्ट सापडणं वेगळं आणि यीस्टने पीठ फुगवणं वेगळं, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार झाली. काही पिठांत यीस्टचा गॅस आणि वास दोन्ही असतात हे मान्य, पण यीस्टशिवायही पीठ फुगतं हा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही. निकाल वेगळे येण्याची कारणंही साधी आहेत, डाळीचा लॉट बदलतो, पाणी बदलतं, हवा बदलते, कुणाच्या पातेल्यात कालचं पीठ चिकटलेलं असतं. त्यात 1993 मध्ये ल्युकोनोस्टॉकच्या कुळातले काही जंतू वेगळे काढून त्यांना ‘वाइसेला’ नाव दिलं गेलं, त्यामुळे जुन्या नोंदी नव्या डीएनए तपासण्यांशी ताडून बघणं आणखी किचकट झालं, आता बऱ्याच नमुन्यांत वाइसेलाही दिसतो आणि तोही गॅस काढणाराच आहे.

या वादात एक गोष्ट मागे पडते, नुसता गॅस पुरत नाही, तो धरून ठेवायला कुणीतरी लागतं. ते काम उडीद करतो, त्यातली प्रथिनं आणि चिकट अरॅबिनोगॅलॅक्टन मिळून बुडबुड्यांभोवती टिकाऊ पडदा बनवतात. नुसत्या तांदळाच्या पिठात आंबटपणा येईल, गॅसही होईल, पण तो निसटून जाईल. डोशात उडीद कमी असला तरी भागतं कारण तो पातळ पसरतो, इडलीत भागत नाही.

तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद धरा. 28-30 अंशांना साधारण रात्रभरात पीठ दुप्पट होतं, चमच्याने उकरलं तर आत जाळी दिसते, आंबटपणा सौम्य असतो. पुण्याच्या डिसेंबरात तेच पीठ सकाळी जेमतेम हललेलं असतं, त्याला फक्त वेळ हवा असतो. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र उलट होतं, ल्युकोनोस्टॉकला 20-30 अंश मानवतात, त्यावर नुसतं आम्ल करणारे जंतू पुढे जातात आणि पीठ कमी फुगून लवकर आंबतं. अशा वेळी जास्त तास ठेवून फुगायची वाट बघण्यात अर्थ नाही, बुडबुडे फुटतात आणि पीठ खाली बसतं, ते डोशाला वापरावं. गुलाबी-नारिंगी डाग किंवा कुजकट वास आला तर मात्र सगळं फेकायचं.

बाकी डाळ उकळत्या पाण्यात भिजवू नये, तिच्यावरचे हे जंतूच त्यात मरतात. भिजवली गेलीच असेल तर आधीच्या चांगल्या पिठाचा एक चमचा नव्या पिठात ढवळावा.