ज्वारीचा वाटा शून्य असलेलं घर: प्रमाणांच्या मॉडेलमागची गोष्ट

घरखर्चात अन्नाचा वाटा किती, हा प्रश्न जुना आहे. 1857 साली सॅक्सनीच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि दाखवलं की घर जितकं गरीब, तितका अन्नावर जाणारा वाटा मोठा. आपल्याकडे 1950 पासून राष्ट्रीय नमुना पाहणी हेच विचारत आली आहे. ग्रामीण भारतात 1999-2000 मध्ये खर्चाच्या रुपयातले सुमारे 59 पैसे अन्नावर जात होते, 2022-23 मध्ये ते 46 वर आले. या पाहणीत मराठवाड्याचे जिल्हे ‘इनलँड सेंट्रल’ नावाच्या विभागात मोडतात, त्यामुळे आपल्या भागाचे आकडे वेगळे काढून अभ्यासता येतात.

घरागणिक आकडे हाती आले की पुढचा प्रश्न येतो: खर्च वाढला की वाटा किती घटतो? अर्थतज्ज्ञ होलब्रुक वर्किंग यांनी 1943 मध्ये याचं एक सुटसुटीत सूत्र दिलं. अन्नाचा वाटा एकूण खर्चाच्या लॉगरिदमबरोबर सरळ रेषेत उतरतो, असं ते सूत्र सांगतं. 1980 मध्ये डीटन आणि म्यूलबावर यांनी मागणीची जी प्रसिद्ध पद्धत मांडली, तिच्या मुळाशीही हीच रेषा आहे. एकूण अन्नाच्या वाट्यासाठी ती चांगली चालते, कारण बहुतेक घरांत तो वाटा मधल्या पट्ट्यात असतो. अन्न मुळीच नाही किंवा अन्नाशिवाय दुसरा खर्चच नाही, असं घर सहसा सापडत नाही.

अडचण येते ती अन्नाचे तुकडे पाडल्यावर. मराठवाड्यातल्या ज्वारीचाच प्रश्न घ्या. बीड-लातूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात तिन्ही त्रिकाळ भाकरी असते, तर शहरातल्या फ्लॅटमध्ये किंवा रेशनच्या गहू-तांदळावर भागवणाऱ्या घरात ज्वारीचा दाणाही येत नाही. म्हणजे आकड्यांत खरेखुरे शून्य येतात, आणि बरेच येतात.

आता सरळ रेषा काय करते ते पाहू. समजा, रेषा निघाली: वाटा = 0.70 − 0.065 × ln(महिन्याचा खर्च). हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. 8,000 रुपये खर्चाच्या घरात ज्वारीचा वाटा साडेअकरा टक्के येतो, ते पटण्यासारखं आहे. पण 60,000 रुपये खर्चाच्या घरात तो उणे दीड टक्के येतो. उणे ज्वारी कुणी खात नाही. शिवाय ही रेषा म्हणते की खर्च दुप्पट झाला की गरिबाच्या आणि श्रीमंताच्या घरातला वाटा सारख्याच टक्केबिंदूंनी उतरेल. जिथे वाटाच दोन टक्के आहे, तिथे तो साडेचार टक्केबिंदूंनी उतरणार कसा?

यावरचा जुना उपाय म्हणजे वाटा w ऐवजी त्याचे लॉग-ऑड्स, म्हणजे वाटा आणि उरलेला भाग यांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, घेणं: ln(w/(1−w)). यालाच लॉजिट म्हणतात. 1944 मध्ये संख्याशास्त्रज्ञ बर्कसन यांनी लॉजिटला नाव आणि बळ दिलं, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. उत्तर 0 ते 1 च्या बाहेर जात नाही, पण शून्य वाटा असलेल्या घराचं लॉग-ऑड्स काढताच येत नाही. मग कुणी ती घरं गाळतं, कुणी शून्याच्या जागी इवलासा आकडा घालतं. 0.001 घातला तर लॉग-ऑड्स −6.9 येतो आणि 0.0001 घातला तर −9.2. दहा टक्के वाट्याच्या घराचा आकडा मात्र −2.2 असतो. म्हणजे रेषेचा उतार घरांपेक्षा आपण मनाने निवडलेल्या इवल्या आकड्यावर ठरू लागतो. घरं गाळणं तर माझ्या मते याहून वाईट, कारण ज्यांनी ज्वारी पूर्ण सोडली तीच घरं आपल्या प्रश्नाचा गाभा आहेत.

शून्य एकही नसला तरी एक खोट उरते. दोन घरांत ज्वारीचा वाटा 2 टक्के आणि 20 टक्के आहे. सरासरी 11 टक्के. आता दोघांचे लॉग-ऑड्स काढा (−3.89 आणि −1.39), त्यांची सरासरी घ्या आणि परत वाट्यात आणा. येतात 6.7 टक्के. आपल्याला हवी होती वाट्याची सरासरी आणि हाती आलं दुसरंच काही.

हा गुंता सोडवण्याची एक सुरुवात शेतीतून झाली. इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रातले तरुण संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट वेडरबर्न यांच्यापुढे बार्लीच्या पानांवरच्या रोगाचे आकडे होते: पानाचा किती भाग रोगाने व्यापला, त्याची टक्केवारी. 1974 मध्ये त्यांनी दाखवलं की संपूर्ण वितरण माहीत नसलं तरी सरासरी आणि तिच्याभोवतीचा विचलनाचा नमुना एवढ्यावर अंदाज बांधता येतो. पुढच्याच वर्षी वयाच्या 28 व्या वर्षी ते गेले. 1984 मध्ये गुरिएरू, मोंफोर आणि त्रोन्यों यांनी सिद्ध केलं की ठरावीक कुळातल्या संभाव्यता-सूत्रांमध्ये फक्त सरासरी बरोबर मांडलेली असेल, तर बाकीचं गृहीतक चुकलं तरी नमुना वाढत जाईल तसा अंदाज खऱ्या उत्तराकडेच सरकतो.

या दोन्ही धाग्यांना एकत्र विणलं लेस्ली पॅपके आणि जेफ्री वूलरिज यांनी, 1996 मध्ये. त्यांचा विषय होता अमेरिकेतल्या निवृत्ती योजनांत किती टक्के कामगार सामील होतात हा. तिथे अडचण शून्याची नव्हती, एकची होती: कितीतरी योजनांत सगळेच कामगार सामील. त्यांनी वाट्याला हात लावला नाही. वाट्याची सरासरीच लॉजिटच्या, 0 ते 1 मध्येच राहणाऱ्या वक्रावर बसवली, तिला G म्हटलं आणि w·ln G + (1−w)·ln(1−G) हे हो-नाहीच्या उत्तरांसाठीचं सूत्र अपूर्णांकांना लावलं. w शून्य असला की पहिलं पद नाहीसं होतं आणि हिशेब पुढे चालतो. हेच ते प्रमाणांचं मॉडेल, फ्रॅक्शनल लॉजिट. गुणक किती अनिश्चित आहे हे सांगणाऱ्या प्रमाण त्रुटी मात्र रोबस्ट, म्हणजे विचलनाचं गृहीतक चुकलं तरी टिकणाऱ्या, घ्याव्या लागतात, कारण ते गृहीतक खरं मानायचं नसतं. 2004 च्या सुमारास बीटा रिग्रेशन ही प्रमाणांसाठीची दुसरी पद्धत पुढे आली, पण तिच्या मूळ रूपात नेमके शून्य आणि एक चालत नाहीत. 2015 मध्ये स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये फ्रॅक्शनल लॉजिटसाठी स्वतंत्र आज्ञा आली:

```
fracreg logit jowar_share ln_exp hhsize own_land
margins, dydx(ln_exp)
```

दुसरी ओळ विसरू नये, वाट्यावरचा परिणाम तीच काढते. समजा, खर्चाच्या लॉगरिदमचा, म्हणजे ln_exp चा, गुणक −0.9 आला. परिणाम मिळतो गुणक × G × (1−G) ने. खर्च 10 टक्क्यांनी वाढला तर दहा टक्के वाट्याच्या घरात वाटा सुमारे पाऊण टक्केबिंदूने घटतो, दोन टक्के वाट्याच्या घरात एक पंचमांश टक्केबिंदूपेक्षाही कमी. गुणक एकच, पण घराघरात परिणाम वेगळा.

वक्र बसला की नाही हे पाहायला पॅपके-वूलरिज यांनी रीसेट चाचणी वापरली. वक्रात घालण्याआधीच्या रेषीय अंदाजाचा वर्ग आणि घन पुन्हा मॉडेलमध्ये घालायचे. ते ठळकपणे महत्त्वाचे निघाले, तर सरासरीचा आकार चुकला आहे.

या चाचणीत न दिसणारी एक चूक आहे. एकूण खर्च उजवीकडे आहे आणि वाट्याच्या छेदातही. माहिती देणाऱ्याने खर्च कमी सांगितला तर दोन्ही बाजू एकदम हलतात आणि गुणक ढळतो. यासाठी घरातल्या वस्तूंसारख्या, मॉडेलमध्ये आधीच न घेतलेल्या दुसऱ्या खुणांवरून खर्चाचा अंदाज काढतात आणि जो फरक उरतो तो मॉडेलमध्ये घालतात; याला कंट्रोल फंक्शन म्हणतात. 2008 च्या लेखात पॅपके आणि वूलरिज यांनी अशीच वाट दाखवली. दुसरी गोष्ट पाहणीच्या महिन्याची. ऊसतोडीच्या हंगामात बीडच्या कितीतरी घरांत म्हातारी माणसंच मागे असतात. त्या महिन्यात नोंदलेला ज्वारीचा वाटा मागे राहिलेल्या दोघा म्हाताऱ्यांचा असतो, सहा जणांच्या घराचा नव्हे. म्हणून पाहणीचा महिना आणि त्या वेळी घरी असलेली माणसं हे दोन्ही रकाने मॉडेलमध्ये घ्यावेत. जे कुटुंब सगळंच कारखान्याच्या फडावर गेलं आहे, ते मात्र गावच्या यादीतून निसटतं आणि कोणताही वक्र त्याला परत आणू शकत नाही.