शनिवारवाड्यासमोरची आरपार दिसणारी बाई

दोन आठवड्यांपूर्वी भाचीने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. शनिवारवाड्याजवळून संध्याकाळी जाणारी रिक्षा. रिक्षा ठसठशीत आणि मागचं सगळं आडव्या रेघांत ओढलेलं. पलीकडच्या फूटपाथवर मात्र एक बाई होती आणि तिच्या अंगातून पाठीमागचे पट्टे आरपार दिसत होते. तासाभरात फोटो आणखी चार ग्रुपांवर फिरला आणि खाली लिहून आलं, ‘वाड्यापाशी असं दिसतंच.’

या वाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. त्या मुलाच्या मरणाचं अजून भुताटकीत रूपांतर केलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून भाचीकडून मूळ फाइल मागवून घेतली आणि त्या बाईचा हिशोब मांडला. तो इथे देतो, कारण पॅनिंग नावाची फोटोग्राफीतली ही रीत त्यातून फार छान उलगडते.

रीत साधी आहे. शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात कॅमेरा गाडीबरोबर वळवत राहायचा. गाडी सेन्सरवर एकाच जागी टिकते म्हणून स्पष्ट येते. उभं असलेलं जग सरकत जातं म्हणून त्याच्या रेघा होतात. भाचीने शटर १/३० सेकंदावर ठेवलं होतं आणि लेन्स ५० मिलिमीटरची होती. रिक्षा तिच्यापासून साधारण १० मीटरवरून गेली.

फोटोत मागे एका दुकानाचा छोटा दिवा होता, त्याचीही रेघ झाली होती. ती मी मोजली तर सव्वाचारशे पिक्सेल भरली. तिच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर याचा अर्थ सुमारे १.६७ मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे प्रतिमा एवढी सरकायची तर कॅमेरा साधारण १.९ अंश वळायला हवा. म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागात १.९ अंश, सेकंदाला ५७ अंश. १० मीटरवरची वस्तू या गतीने नजरेसमोरून जायची असेल तर तिचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असतो. रिक्षाला अगदी शोभणारा वेग.

पडताळणी फोटोतच होती. या वेगाने शटर उघडं असताना रिक्षा ३३ सेंटिमीटर पुढे जाते. रिक्षाच्या चाकाचा घेर साधारण १.३ मीटर, म्हणजे तेवढ्यात चाक पाव फेरी फिरायला हवं. टायरच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक डाग लागलेला होता आणि त्याची कमान बरोबर पाव वर्तुळाची उमटली होती. दिव्याच्या रेघेवरून काढलेला वेग आणि चाकावरच्या डागावरून निघणारा वेग असे जुळले तेव्हा मला फार आनंद झाला.

आता ती बाई. रेल्वेच्या खिडकीतून जवळचे खांब सणसणत मागे जातात आणि लांबचे डोंगर जागचे हलत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पॅनिंगमध्येही जवळच्या वस्तूची रेघ लांब आणि दूरच्या वस्तूची आखूड येत असेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. रेल्वेत आपण स्वतः पुढे सरकत असतो, इथे माणूस जागेवर उभा राहून फक्त वळतो. वळताना समोरची प्रत्येक स्थिर वस्तू सारख्याच कोनातून सरकते, मग ती पाच मीटरवर असो की पाच किलोमीटरवर. त्यामुळे त्या बाईचीही रेघ सव्वाचारशे पिक्सेलचीच होणार.

ती उभी होती साधारण २५ मीटरवर. हातभर रुंदीचा माणूस तिथून फोटोत सुमारे २३० पिक्सेल रुंद दिसतो. हे २३० पिक्सेल सव्वाचारशेच्या अंतरावरून ओढले गेले. म्हणजे तिच्या पट्ट्यातला मधला कुठलाही ठिपका घेतला, तर शटर उघडं असण्याच्या जेमतेम निम्म्या वेळेत तिथे बाई होती आणि उरलेल्या वेळेत मागची भिंत. सेन्सर दोन्हींचा प्रकाश जमा करतो, म्हणून बाई निम्मी आणि भिंत निम्मी. हीच बाई रिक्षाइतकी जवळ उभी असती तर तिची रुंदी रेघेच्या लांबीपेक्षा जास्त भरली असती आणि तिचा मधला भाग भरीव आला असता. त्याच फोटोतला बारीक विजेचा खांब जवळजवळ नाहीसाच झाला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मला खरं गुंतवून ठेवणारी गोष्ट पुढे आहे. रिक्षा ‘स्पष्ट’ आली असं आपण म्हणतो, पण सगळी रिक्षा कधीच सारखी स्पष्ट येत नाही. कॅमेरा एका वेळी एकाच कोनीय वेगाने वळू शकतो, आणि गाडीच्या प्रत्येक भागाचा कोनीय वेग थोडा वेगळा असतो.

गाडी लांबून येते तेव्हा ती आपल्याकडे येत असते, नजरेला आडवी फार कमी सरकते. बरोबर समोर आली की कोनीय वेग सर्वात जास्त असतो आणि पुढे गेली की पुन्हा उतरतो. गाडी येताना समोरच्या दिशेपासून ४५ अंशांवर असते तेव्हा हा वेग समोरच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो. झोका टोकाला पोचतो तिथे क्षणभर त्याची उंची जवळपास बदलत नाही, तसंच गाडी अगदी समोर असताना कोनीय वेग क्षणभर जवळपास बदलत नाही. त्या क्षणी हात एकसारख्या गतीने वळला तरी पुरतं.

४५ अंशांवर मात्र तो झपाट्याने बदलत असतो. रिक्षाची लांबी अडीच मीटरच्या जरा वर. तिथे मधल्या प्रवाशावर नजर धरून कॅमेरा वळवला तर रिक्षाचं नाक प्रवाशापेक्षा १४ टक्के जास्त कोनीय वेगाने जातं आणि तिथे जवळपास तीस पिक्सेलचा फराटा उमटतो. तीच रिक्षा बरोबर समोर असताना तिची दोन्ही टोकं मध्यापेक्षा पावणेदोन टक्केच मागे राहतात. सात पिक्सेलचा धूसरपणा, तोही मोठा करून पाहिला तरच दिसणारा.

खोलीचा फरक मात्र समोरून घेतलेल्या फोटोतही राहतो. रिक्षाची आपल्याकडची बाजू १० मीटरवर असेल तर मध्ये बसलेला चालक सुमारे ६५ सेंटिमीटर पलीकडे असतो. तेवढ्यानेही त्याचा कोनीय वेग सहा टक्के कमी होतो, म्हणजे पंचवीसेक पिक्सेलचा फरक. नजर दारावरच्या अक्षरांवर खिळवली की अक्षरं वाचता येतात आणि चेहरा पुसट होतो. भाचीने चालकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवली होती म्हणून चेहरा आला. चेहरा हवा असेल तर चेहराच धरावा.

बसला हे अंतर फार महाग पडतं. पीएमपीएमएलची १२ मीटरची बस १० मीटरवरून समोर घेतली, तरी तिची टोकं मध्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त मागे पडतात. कितीही सराव असला तरी मधल्या खिडक्या स्पष्ट आणि दोन्ही टोकं फिस्कटलेली, हेच पदरी पडतं. उपाय म्हणजे मागे जाणं. ४० मीटरवर जाऊन चौपट लांब लेन्स लावली तर बस फोटोत तेवढीच मोठी दिसते. हात चौपट हळू वळतो, लेन्स चौपट लांब असते, म्हणून पार्श्वभूमीच्या रेघाही तेवढ्याच लांब येतात. पण टोकांचा फरक सव्वादोन टक्क्यांवर उतरतो आणि अख्खी बस हाती लागते. पुण्याच्या रस्त्यांवर ४० मीटर मोकळे कुठून आणायचे? मी नदीपात्रात उतरतो आणि पुलावरच्या बस घेतो. कठड्याआड चाकं जातात, त्याची हळहळ वाटते.

भर दुपारी हे जमत नाही. लख्ख उन्हात १/३० सेकंदात इतका प्रकाश आत येतो की लेन्सचं छिद्र अगदी बारीक करूनही फोटो पांढरा पडतो. संध्याकाळ, पावसाळी आभाळ, नाहीतर लेन्सवर काळी काच. कॅमेऱ्याच्या एका दुकानात मला सांगितलं गेलं की स्टॅबिलायझर असला की पॅनिंग आपोआप होतं. साधा स्टॅबिलायझर उलट करतो. हात वळला की ती थरथर समजून तो प्रतिमा मागे ओढू पाहतो. आडवी हालचाल सोडून फक्त वरखाली हलणं सावरणारा वेगळा पर्याय अनेक लेन्सवर असतो, तो लावावा. तो नसेल तर स्टॅबिलायझर बंद ठेवावा.

फोटो बिघडला तर का बिघडला, हे मागचे दिवे सांगतात. प्रत्येक दिव्याच्या रेघेचा आकार तंतोतंत सारखा असतो, कारण ती रेघ म्हणजे आपल्या हाताने त्या क्षणी गिरवलेलं अक्षर. रेघ नागमोडी असेल तर हात वरखाली हलला. रेघ सरळ असूनही गाडी आडवी पुसट असेल तर हात आणि गाडी यांचा वेग जुळला नाही. आणि जिथे रेघा सरळ पण चाकं ठप्प उभी, तिथे पार्श्वभूमी नंतर संगणकावर ओढलेली असते.

मागच्या रविवारी भाचीने बसचा फोटो पाठवला. नदीपात्रातून, २०० मिलिमीटर, १/३०. बस सगळीकडे सारखीच पुसट होती आणि ती हिरमुसली होती. मी दिव्यांच्या रेघा मोठ्या करून पाहिल्या. सगळ्या सुरुवातीला बारीक आणि सरळ, शेवटी मात्र प्रत्येकीला एक जाड, उजळ गाठ. हात शेवटी थांबला होता, म्हणून दिव्याचा प्रकाश एकाच जागी साचला.

“बटण दाबलं की तू थांबतेस का?” मी फोनवर विचारलं.

ती जरा विचार करून म्हणाली, “हो मामा, बटण दाबता दाबताच थांबते.”

बटण दाबलं जातं तेव्हा शटर नुकतं उघडत असतं. आता बस पुलावरून पार निघून जाईपर्यंत वळत राहायचं, असं ठरलंय.