मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना: मधुमेही वृद्धांचा रात्री ठणकणारा कान

मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना हा कानाच्या बाहेरच्या नळीत सुरू होऊन कवटीच्या तळाच्या हाडांत पसरणारा जंतुसंसर्ग आहे. तो कर्करोग नव्हे. अमेरिकन कानतज्ज्ञ जेम्स चँडलर यांनी १९६८ साली त्याला हे नाव दिले, तेव्हा निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावत असत. पुढे हा आजार बहुतेकदा घडवणाऱ्या स्यूडोमोनास जंतूवर चालणारी प्रतिजैविके आली आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळ उतरले. तरीही निदानाला उशीर झालेल्या रुग्णाचा जीव आजही धोक्यात असतो. बहुतेक रुग्ण साठी ओलांडलेले आणि बरीच वर्षे मधुमेह असलेले असतात.

या आजाराची खरी खूण म्हणजे रात्रीचा ठणका. तो कानाच्या आत खोल असतो, डोक्याच्या त्या बाजूला आणि जबड्याकडे जातो, रात्री वाढतो आणि माणसाला झोपेतून उठवतो. साध्या वेदनाशामक गोळीने तास-दोन तास बरे वाटते, मग ठणका परत येतो. मालवणी मुलखातला रुग्ण दवाखान्यात सांगतो, “रातभर कान ठणकता, झोप लागणा नाय.” हे वाक्य मधुमेही म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून आले, तर ते पूर्ण गांभीर्याने घ्यायला हवे. कारण कानात डोकावल्यावर त्या मानाने फारसे काही दिसत नाही. थोडी सूज, थोडा पू, कधी नुसता ओलसरपणा. ताप बहुधा नसतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्याही पुष्कळदा नेहमीसारखीच येते. वेदना आणि दिसणारा कान यांच्यातली ही तफावतच निदानाकडे नेते.

संसर्ग हाडात कसा शिरतो हे कळले की ही तफावतही उलगडते. कानाच्या नळीचा बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कूर्चेचा, तर आतला हाडाचा असतो. कूर्चेच्या भागात सँटोरिनीच्या फटी नावाच्या नैसर्गिक चिरा असतात. निरोगी माणसात नळीचा दाह त्वचेपुरता राहतो आणि थेंबांनी आठवड्याभरात आवरतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसात बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावलेल्या असतात आणि कानातल्या मळाची आम्लताही कमी झालेली असते. अशा नळीत स्यूडोमोनास एरुजिनोसा हा ओल्या जागी वाढणारा जंतू रुजला, की तो चिरांतून खाली उतरतो आणि कवटीच्या तळाच्या हाडात पसरू लागतो. वर त्वचा जवळजवळ शाबूत दिसते आणि आत हाड कुजत असते. काही रुग्णांत, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती आणखी क्षीण आहे त्यांच्यात, याच वाटेने ॲस्परजिलस ही बुरशीही शिरते.

कोकण किनाऱ्यावर कान ओला राहायला निमित्ते पुष्कळ. जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते. विहिरीवरची, नदीवरची आंघोळ चालू असते. कान खाजला की केसांची पिन, आगपेटीची काडी किंवा किल्ली आत जाते आणि त्वचेला ओरखडा पडतो. कानात लसूण घालून कढवलेले खोबरेल सोडण्याची पद्धतही घरोघर आहे. हे सारे केलेल्या शंभरातल्या बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून त्याला आजाराचे कारण म्हणणे बरोबर नाही. पण वृद्ध मधुमेहीच्या नळीला इजा झाली आणि वर ओल राहिली, तर जंतूला दार मिळते. मळ काढण्यासाठी नळाच्या पाण्याने कान धुतल्यानंतर हा आजार सुरू झाल्याचे वैद्यकीय साहित्यात नोंदले आहे. म्हणून मधुमेही वृद्धाचा मळ पाण्याच्या पिचकारीने न काढता तज्ज्ञाने नळीत पाहून, सक्शनने किंवा हत्याराने काढावा.

आजाराची नेहमीची वाट दाखवण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. वेंगुर्ला तालुक्यातल्या ७१ वर्षांच्या आजी, अठरा वर्षांचा मधुमेह, गोळ्या चालू, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ९.८. ऑगस्टमध्ये उजवा कान खाजला, त्यांनी पिन घातली. चार दिवसांनी कान ठणकू लागला. गावातल्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि वेदनाशामक दिले. अमॉक्सिसिलिनचा स्यूडोमोनासवर परिणाम होत नाही, त्यामुळे आठवडा गेला तरी ठणका तसाच राहिला. दुसऱ्या आठवड्यात थेंब मिळाले. पू थोडा कमी झाला, कान बरा दिसू लागला, पण आजी रात्री बसून काढू लागल्या. गणपती तोंडावर होते. “गणपती झाले की जाऊ,” असे घरात ठरले. तिसऱ्या आठवड्यात भाकरी चावताना कानापुढे कळ येऊ लागली आणि जेवण पेजेवर आले. ही कळ म्हणजे जबड्याच्या सांध्यापर्यंत दाह पोहोचल्याची खूण होती. घरच्यांना मात्र दाढ दुखते असे वाटले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो उजव्या ओठातून सांडला. उजवा डोळा मिटेना.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू कानाच्या खाली, पाळीमागच्या हाडाजवळच्या एका छिद्रातून बाहेर पडतो. हाडातला संसर्ग साधारणपणे याच मज्जातंतूला आधी गाठतो. पुढे सरकला तर गिळण्याचे, आवाजाचे, खांदा उचलण्याचे आणि जिभेचे मज्जातंतू एकेक करून सापडतात. त्यापुढचा टप्पा मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होणे, आणि बहुतेक मृत्यू इथे होतात. तोंड वाकडे झाले की वारा लागला किंवा अर्धांगाचा झटका आला, असे समजून मालिशवाल्याकडे किंवा भलत्या उपचाराकडे जाण्यात दिवस जातात. त्याच बाजूचा कान आधी काही आठवडे ठणकत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. विचारल्याशिवाय ती पुष्कळदा सांगितली जात नाही.

नाक-कान-घसा तज्ज्ञांनी आजींच्या नळीत सूक्ष्मदर्शकाने पाहिले. कूर्चा आणि हाड जिथे मिळतात तिथे, तळाला, लाल मऊ मांसांकुर होते. मधुमेही वृद्धाच्या कानात ठणक्यासोबत या जागी मांसांकुर दिसले, की संशय पक्का धरायचा. त्यातला तुकडा दोन कामांसाठी काढतात. एक जंतू वाढवून पाहण्यासाठी, दुसरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी, कारण नळीचा कर्करोग हुबेहूब असाच दिसू शकतो. हा तुकडा प्रतिजैविके देण्याआधी काढला तर जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते. आधी आठ-दहा दिवस अर्धवट औषधे झालेली असतील, तर तपासणीत पुष्कळदा काहीच उगवत नाही आणि मग अंदाजाने उपचार करावे लागतात. आजींच्या तुकड्यात सुदैवाने स्यूडोमोनास उगवला. कर्करोग नव्हता.

शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला ईएसआर ९६ आला. साध्या कानदुखीत तो इतका चढत नाही, आणि पुढे उपचाराला उतार पडतो आहे का हे पाहायलाही तोच स्वस्त आकडा उपयोगी पडतो. सीटी स्कॅनमध्ये नळीच्या तळाचे हाड खाल्लेले दिसले. इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. हाडातला जवळजवळ तिसरा हिस्सा खनिज गेल्याशिवाय सीटीत बदल दिसत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यांत सीटी स्वच्छ आला तरी आजार नाही असे म्हणता येत नाही. टेक्नेशियमचा बोन स्कॅन त्याआधीच उजळतो, आणि कवटीच्या तळाखालच्या मऊ भागांतला प्रसार एमआरआयमध्ये चांगला दिसतो. या सोयी तालुक्याला नसतात. सिंधुदुर्गातले रुग्ण बहुधा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातात, रत्नागिरीकडचे कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. पावसात घाटात दरड पडली तर तो प्रवासच एक दिवस खातो. म्हणून ठणका असतानाच निघावे, तोंड वाकडे होण्याची वाट पाहू नये.

उपचार मुख्यतः औषधांचा आहे आणि तो लांब आहे, सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. कानातले थेंब हाडापर्यंत पोहोचत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ही गोळी अनेक वर्षे या आजाराचा आधार होती, पण हे औषध आपल्याकडे इतके सढळ वापरले गेले आहे की प्रतिकार करणारे स्यूडोमोनास आता वारंवार भेटतात. आजींचा जंतूही तसाच निघाला. त्यांना शिरेतून सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक द्यावे लागले. नेहमीचा २ ग्रॅमचा डोस दर आठ तासांनी असतो, पण मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडे थकलेली होती, म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहून तो कमी केला. साखर इन्सुलिनवर आणली, कारण ती चढी राहिली तर कोणतेही प्रतिजैविक अर्धेच काम करते. नळी तज्ज्ञाकडून वेळोवेळी साफ होत राहिली. हाड कापून काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आता क्वचितच करतात.

ज्यांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन लागू पडते त्यांनीही दोन गोष्टी सांभाळायच्या. दूध, दही, कॅल्शियमच्या गोळ्या किंवा आम्लपित्ताच्या औषधासोबत ती घेतली तर आतड्यात नीट शोषली जात नाही. शिवाय ती साखर अचानक खाली नेऊ शकते, विशेषतः ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या चालू असताना. पहाटे घाम फुटून बडबड सुरू झाली तर आधी साखर मोजावी.

आजींचा रात्रीचा ठणका दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस उतरू लागला. हाच क्षण सर्वांत फसवा असतो. दुखणे थांबले की औषध थांबवावे असे वाटते, घरी जाण्याची घाई होते, खर्चही बोचत असतो. पण हाड त्या वेळी बरे झालेले नसते, आणि मध्येच सोडलेला संसर्ग अधिक चिवट होऊन परततो. आजींनी आठही आठवडे पूर्ण केले, तेव्हा ईएसआर २८ वर आला होता. उघडा राहणारा डोळा दिवसा अश्रूंसारख्या थेंबांनी आणि रात्री मलम लावून, चिकटपट्टीने मिटवून सांभाळला, नाहीतर बुबुळावर जखम झाली असती. सहा महिन्यांनी डोळा मिटू लागला, हसताना ओठ मात्र थोडा ओढलेला राहिला. चेहऱ्याचा मज्जातंतू सगळ्यांचाच पूर्ण सुधारतो असे नाही.

औषध संपल्यावरही वर्षभर आजार उलटू शकतो. सुरुवातीला दर महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी कान आणि ईएसआर तपासून घेतात. मधल्या काळात त्याच बाजूला पुन्हा रात्रीचा ठणका सुरू झाला, तर पू दिसो वा न दिसो, जुने कागद घेऊन त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे जावे.