सिंक चुकलंय की सरकतंय?

अंबाजोगाईकडच्या एका गावात सप्ताहाचं काल्याचं कीर्तन आम्ही शूट केलं. दोन तासांचं कीर्तन, दोन कॅमेरे, एक मोबाइल आणि मिक्सरवरून लाइन घेतलेला वेगळा रेकॉर्डर. एडिटिंगला बसलेल्या पोराचा रात्री फोन आला, "दादा, सिंक गेलंय." म्हणजे चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळत नव्हते.

"सुरुवातीला गेलंय का शेवटाला?"

"त्यानं काय फरक पडतो?"

सगळा फरक त्यानंच पडतो. चुकलेलं सिंक पहिल्या मिनिटाला जेवढं चुकलेलं असतं, तेवढंच शेवटच्या मिनिटालाही असतं. सरकणारं सिंक सुरुवातीला चोख असतं आणि हळूहळू बिघडत जातं. क्लिपचा मधलाच एक तुकडा पाहिला तर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पोरं सरकणाऱ्या क्लिपला सबंध ढकलतात, शेवट जुळवतात आणि सुरुवात घालवून बसतात.

मी त्याला टाळकऱ्यांकडे बघायला सांगितलं. प्रत्येक कॅमेऱ्यात सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी एकेक जागा शोधायची, जिथं टाळ एकमेकांवर आदळताना स्पष्ट दिसतात. आदळण्याची फ्रेम आणि रेकॉर्डरच्या आवाजातलं टोक, यांच्यात किती फ्रेमचं अंतर आहे ते मोजायचं. आमची टाइमलाइन २५ फ्रेमची होती, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची.

मागच्या कॅमेऱ्याचं माप आलं दोन, दोन, दोन. हे चुकलेलं सिंक. गंमत अशी की कॅमेऱ्याच्या आणि रेकॉर्डरच्या आवाजाचे आलेख, म्हणजे वेव्हफॉर्म, अगदी एकावर एक बसले होते, तरी टाळ आवाजाच्या दोन फ्रेम आधीच मिळत होते. कारण साधं होतं. तो कॅमेरा मंडपाच्या टोकाला होता आणि स्पीकर फक्त व्यासपीठापाशी, साधारण २८ मीटरवर. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत पोचायला त्याला ८० मिलिसेकंद लागले. सॉफ्टवेअरनं तो उशिरा पोचलेला आवाज रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवला आणि त्यासोबत चित्रही दोन फ्रेम अलीकडे ओढलं गेलं. क्लिप दोन फ्रेम उजवीकडे सरकवली की काम झालं. इथं व्यासपीठाचं अंतर धरू नका, सगळ्यात जवळच्या स्पीकरचं धरा. तारेतून जाणाऱ्या आवाजाला उशीर होत नाही. कॅमेऱ्याशेजारीच कर्णा बांधलेला असता तर ही भानगडच झाली नसती.

बाजूचा कॅमेरा सुरुवातीच्या टाळीवर जुळवला होता. त्याचं माप शून्य, अडीच, पाच. शेवटी चित्र आवाजाच्या पाच फ्रेम मागे. हे सरकणं. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या घड्याळावर चालतात आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत एका चालीनं चालत नाहीत. दोन तासांत २०० मिलिसेकंद म्हणजे दहा लाखांत जेमतेम अठ्ठावीस भागांचा फरक. मशीन बिघडलेलं नाही, ते असंच असतं. ओळख अशी की इथं वेव्हफॉर्मच शेवटाकडे एकमेकांपासून फाकलेले दिसतात.

वेग बदलून हे सुधारता येतं, पण टक्केवारी फार बारीक भरावी लागते. मी काप देतो. पाच फ्रेम दोन तासांत, म्हणजे दर २४ मिनिटांना एक. २४, ४८, ७२ आणि ९६ मिनिटांच्या आसपास, जिथं हा अँगल पडद्यावर येणार नाही अशी जागा पाहून क्लिप कापायची आणि तिथून पुढचं सगळं एक फ्रेम डावीकडे घ्यायचं. चुकीला एका फ्रेमपेक्षा मोठं होऊच द्यायचं नाही. या कॅमेऱ्याचा आवाज तसाही बंदच ठेवायचा आहे, त्यामुळे काप ऐकू येत नाहीत.

मोबाइलचं माप आलं शून्य, सहा, तीन. हे दोन्हींत बसत नाही. मोबाइल फ्रेमचा वेग कमीजास्त करतो आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर त्याला एकसारखा धरून चालतात. ती क्लिप टाइमलाइनवर दुरुस्त करत बसू नका, आधी स्थिर वेगात बदलून घ्या:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le phone_25.mov
```

त्यानंतर पुन्हा तीन जागी मोजायचं. आमची शून्य, शून्य, एकवर आली, मी सोडून दिली.

पोरानं तोवर अर्ध्या कीर्तनाचे अँगल बदलून ठेवले होते आणि प्रत्येक कटवर वेगळी दुरुस्ती करायला निघाला होता. गरज नव्हती. प्रीमियरमध्ये सगळे अँगल एकत्र बांधलेल्या मल्टीकॅम क्लिपवर Ctrl दाबून डबल क्लिक केलं की आतले ट्रॅक उघडतात. तिथं एकदा दुरुस्त केलं की बाहेरचे सगळे कट आपोआप सुधारतात. फक्त Multi-Camera Audio Follows Video बंद आहे ना ते बघावं, नाहीतर अँगलसोबत आवाजही बदलतो आणि मृदंग एकदम मंडपाच्या टोकावरून ऐकू यायला लागतो.