पार्श्वभूमी: बोलून टाइप करताना इअरबडचा माइक मागे का पडतो

कानात इअरबड असताना बोलून टाइप केलं की शब्द चुकतात आणि तेच वाक्य फोन तोंडासमोर धरून बोललं की नीट उमटतं, ही तक्रार जुनी आहे. दोष बहुतेक वेळा इअरबडच्या किमतीवर टाकला जातो. खरं कारण ब्लूटूथने आवाज कसा वाहून न्यायचा याबद्दल फार पूर्वी घेतलेल्या निर्णयांत आहे.

1999 मध्ये ब्लूटूथचा पहिला आराखडा आला, तेव्हा हेडसेटचं काम एकच होतं: फोनवर बोलणं. टेलिफोनच्या तारेवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जात असे आणि तेवढ्यावर माणसाला माणसाचं बोलणं कळत असे. म्हणून माइकच्या वाटेलाही तेवढीच रुंदी दिली गेली. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने मोजून घ्यायचे, दोन्ही दिशांना प्रत्येकी 64 किलोबिट. गाणी ऐकण्यासाठी पुढे वेगळी, चांगली वाट तयार झाली, पण ती एकाच दिशेची, फोनकडून कानाकडे. त्यामुळे गाणं चालू असताना माइक उघडला की गाणं एकदम डब्यातून आल्यासारखं होतं. जोडणी टेलिफोनच्या वाटेवर गेल्याची ती खूण.

नमुन्यांच्या आकड्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिपता येतो, म्हणून 8000 नमुन्यांत 4000 हर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. मराठीत याचा पहिला फटका ‘स’ला बसतो. ‘स’चा जोर मुख्यतः 4000 हर्ट्झच्या वर असतो, ‘श’चा त्याहून खालून सुरू होतो. वरचा भाग कापला की ‘स’चा उरतो तो फिकट फुसकारा, आणि त्याची ओळख पटवणारा भाग गेलेला असतो. ‘सूर’ आणि ‘शूर’, ‘साल’ आणि ‘शाल’ अशा जोड्यांत पुढचे-मागचे शब्द यंत्राला सावरून घेतात. ‘थंडीत शाल पांघरली’ म्हटल्यावर तिथे ‘साल’ येत नाही. पण गावांच्या नावांना असा आधार नसतो. परभणी जिल्ह्यात सेलू आहे आणि कर्जतच्या लोकल मार्गावर शेलू. दोन्हीकडे रेल्वे स्टेशन आहे. ‘सेलूला पोचलो, स्टेशनवर थांबलोय’ हे वाक्य दोन्ही गावांना सारखंच लागू पडतं, म्हणून निवाडा फक्त पहिल्या अक्षराच्या आवाजावर होतो. तोच आवाज वाटेत कापला गेला असेल तर यंत्र अंदाज करतं, आणि ज्या नावाचा वापर त्याने जास्त पाहिला आहे तिकडे झुकतं.

2011 मध्ये या वाटेची सुधारित आवृत्ती आली. नळी तीच 64 किलोबिटची ठेवली, पण आवाज भरण्याची पद्धत बदलली आणि नमुने दुप्पट, म्हणजे 16,000 झाले. आवाज ओळखणारी बरीच यंत्रं याच दरावर तयार होतात, त्यामुळे कागदावर प्रश्न सुटला. प्रत्यक्षात फोन आणि इअरबड दोघांनाही ही पद्धत येत असेल तरच ती चालते, नाहीतर दोघं मुकाट्याने जुन्यावर परततात. पडद्यावर त्याचा मागमूसही दिसत नाही.

खरा वादाचा निर्णय मात्र आवाजाच्या दर्जाचा नाही. इअरबड जोडलेले असताना फोनने ऐकायचं कोणत्या माइकमधून, हा आहे. अँड्रॉइडमध्ये 2010 पासून अशी सोय आहे की हेडसेटचा माइक हवा असेल तर अ‍ॅपने तो स्वतः मागून उघडायचा. न मागितल्यास फोनचाच माइक चालू राहतो. आयफोन बनवणाऱ्या अ‍ॅपलने उलट भूमिका घेतली: कानात आहे म्हणजे तोच माइक. तिच्या इअरबडच्या सेटिंगमध्ये डावा की उजवा हे निवडता येतं, ‘बोलून टाइप करताना फोनचाच’ असं सांगता येत नाही. दुसऱ्या भूमिकेची बाजू समजण्यासारखी आहे. फोन खिशात असेल तर खिशातला माइक काय ऐकणार? पण बोलून टाइप करणारा माणूस बहुतेक वेळा पडद्याकडे बघत असतो, चुकलेला शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करत असतो. फोन हातात आहे, वीत-दीड वीतभर अंतरावर आहे आणि थेट तोंडासमोर आहे. अशा वेळी चांगला माइक बंद ठेवून कमी पोचाचा उघडायचा, याचं समर्थन अवघड आहे. कीबोर्डमध्ये एक बटण दिलं तर भांडण मिटेल. 2017 मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली, त्यानंतर भाषा वाढल्या, ओळख सुधारली, पण हे साधं बटण नेमाने कुठेच दिसत नाही.

अंतराचा हिशेबही फसवा आहे. इअरबडचा माइक तोंडापासून फोनपेक्षा जवळ असतो, हे खरं. पण तो गालाच्या मागे, बाजूला असतो आणि उंच स्वरांचे आवाज तोंडातून सरळ पुढे जातात. ‘स’ बाजूला कमीच पोचतो. ही उणीव भरून काढायला आणि गोंगाट दाबायला इअरबड स्वतः आवाजावर प्रक्रिया करतो. ती प्रक्रिया पलीकडच्या माणसाला ऐकायला बरं वाटावं म्हणून बेतलेली असते. शब्दाच्या तोंडचा हलका ‘ह’ किंवा ‘फ’ तिला गोंगाट वाटू शकतो. शिवाय माइकची वाट उघडायला क्षणभर लागतो. लगेच बोलायला सुरुवात केली तर वाक्याचा पहिला शब्दच गळतो. फोन मागच्या खिशात असेल तर मधल्या शरीराने 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषल्या जातात आणि हरवलेल्या तुकड्यांच्या जागी इअरबडचा आवाज अंदाजाने जोडला जातो.

आपल्याकडे नेमकं काय चाललंय, हे तपासता येतं. डिक्टेशन सुरू करून आधी इअरबडवर नख घासावं, मग फोनच्या खालच्या कडेवर. ज्या घासण्याने पडद्यावरची आवाजाची रेघ उसळते, तो माइक चालू. मग इअरबडमधून ‘सेलू, शेलू’ असं रेकॉर्ड करून, रेकॉर्डरनेही तोच माइक घेतलाय याची खात्री करून, फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात, म्हणजे किती हर्ट्झवर किती आवाज आहे ते रंगांत दाखवणाऱ्या चित्रात, बघावी. 4000 च्या वर सगळं काळं असेल तर जुनी वाट, 8000 पर्यंत रंग दिसत असेल तर 2011 ची. फाइलच्या माहितीत 44,100 किंवा 48,000 लिहिलेलं असेल त्यावर जाऊ नये. तो आकडा रेकॉर्डरचा असतो, कापलेला भाग त्याने परत येत नाही.

2020 मध्ये ब्लूटूथच्या आवाजाची नवी रचना जाहीर झाली आणि 2022 मध्ये तिचे आराखडे पूर्ण झाले. तिच्यात माइकसाठी 32,000 नमुनेही शक्य आहेत. 2023 मध्ये जुन्या टेलिफोनच्या वाटेतही तो दर आणला गेला. पण अट तीच आहे, दोन्ही टोकांना ते यायला हवं. चार वर्षांपूर्वीच्या फोनला नवे इअरबड जोडले तर बोलणं बहुधा 16,000 वरच जाईल. आणि दोन्ही टोकं नवी असली तरी गालामागची जागा बदलत नाही. फोन टेबलावर दूर असेल, चालताना बोलायचं असेल, तर इअरबडच उपयोगी. हातात फोन असेल तर सध्या सोपा उपाय म्हणजे इअरबड डबीत ठेवून फोनच्या खालच्या माइकजवळ बोलणं.