मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या बचती

मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या बचती : उत्पादनसंस्थेचा आकार वाढत गेला असता दर नगामागील सरासरी खर्च कमी होत जाण्याची प्रवृत्ती. हा खर्च घटतो म्हणूनच मोठ्या उत्पादकाला आपला माल लहान उत्पादकापेक्षा स्वस्त विकणे परवडते. तो खरोखर तसा विकेलच असे मात्र नाही, कारण ते बाजारातील स्पर्धेवर अवलंबून असते. आहे तीच यंत्रसामग्री अधिक तास चालवून मिळणारी काटकसर आणि मुळातच मोठा कारखाना उभारून मिळणारी बचत या दोन गोष्टी व्यवहारात एकत्र सापडतात, तरी त्या वेगळ्या आहेत आणि प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसरीचा विचार केला आहे.

या कल्पनेच्या मुळाविषयी मतभेद आहेत. नेपल्सच्या राज्यातील आंतोनिओ सेर्रा याने १६१३ मध्ये असे प्रतिपादिले होते की, शेतीत उत्पन्न अमर्याद वाढवता येत नाही, पण कारागिरीच्या मालात ते वाढवता येते व तेही प्रमाणाहून कमी खर्चात. काही अभ्यासक त्यालाच आद्य मानतात. बहुतेक पाठ्यपुस्तके मात्र ॲडम स्मिथपासून (१७७६) आरंभ करतात. त्याने वर्णिलेल्या टाचणीच्या कारखान्यात दहा कामगार कामाची वाटणी करून दिवसाला ४८,००० पेक्षा अधिक टाचण्या करीत. तथापि स्मिथचा विषय श्रमविभागणी हा होता, आणि श्रमविभागणी बाजाराच्या विस्ताराने मर्यादित होते हे त्याचे मुख्य म्हणणे होते. कारखान्याचा विशिष्ट आकारच का स्वस्त पडतो, याचे नेमके उत्तर चार्ल्स बॅबेज याने १८३२ मध्ये दिले असे मानण्याकडे आमचा कल आहे. वेगवेगळ्या कामांना लागणारी माणसे वा यंत्रे वेगवेगळ्या गतीची असतील, तर सर्वांना पूर्ण काम मिळेल अशी एक किमान पटीची संख्या असते. कारखाना त्या पटीत नसेल तर कोणी ना कोणी रिकामे बसते आणि खर्च वाढतो, असे त्याचे निरीक्षण होते. आल्फ्रेड मार्शल याने १८९० मध्ये अंतर्गत व बाह्य बचती असा भेद केला. पहिल्या संस्थेच्या स्वतःच्या आकारातून येतात, तर दुसऱ्या त्या परिसरात तो धंदा एकवटल्यामुळे सर्वांनाच मिळतात.

बॅबेजचा पटीचा नियम खानदेशात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे जिन या यंत्राने सरकी काढून रुईच्या गाठी दाबण्याच्या धंद्यात, स्पष्ट दिसतो. पूर्वी घरोघरी दोन लाटांच्या हातचरखीतून सरकी वेगळी केली जाई. या चरखीला भांडवल जवळजवळ लागत नसल्याने एक चरखी आणि शंभर चरख्या यांत दर शेरामागे खर्चाचा फरक नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला मागणी आली आणि त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या भागातून गेली. त्यानंतर मात्र रुई दाबून घट्ट गाठी बांधणे अपरिहार्य झाले, कारण वाघिणीत व जहाजात माल जागेच्या हिशेबाने महाग पडतो. वाफेचे प्रेस जळगावसारख्या रेल्वेच्या गावी उभे राहिले आणि जिन त्यांच्या आसपास जमले.

आजच्या कारखान्यात दुहेरी रोलरचे जिन वापरतात. चामड्याच्या चकत्यांचा रोलर तंतू ओढतो, पात्याशी सरकी अडते, हलते पाते तिला झटका देऊन खाली पाडते. असा एक मोठा जिन तासाला सुमारे ८५ किलो रुई देतो असे धरले, तर १७० किलोची एक गाठ भरायला त्याला दोन तास लागतात. हायड्रॉलिक प्रेस मात्र तासाला डझनभर गाठी सहज बांधतो, आणि अर्धा प्रेस विकत मिळत नाही. या धंद्यातील बचतीचे मूळ या अविभाज्यतेत आहे.

हिशेबासाठी काही गृहीत आकडे घेऊ. हंगाम १,००० तासांचा, प्रेसची क्षमता तासाला १२ गाठी आणि त्याचा व्याज, घसारा व कायम कामगार मिळून वार्षिक खर्च ३६ लाख रुपये. बारा जिन बसवले तर तासाला सहा, म्हणजे हंगामात ६,००० गाठी होतात व प्रेसचा भार दर गाठीला ६०० रुपये पडतो. चोवीस जिन बसवले तर गाठी १२,००० आणि भार ३०० रुपये. पण छत्तीस जिन झाले की एक प्रेस पुरत नाही. दुसरा घ्यावा लागतो, ७२ लाख १८,००० गाठींवर विभागतात आणि भार परत ४०० रुपयांवर चढतो. अठ्ठेचाळीस जिनांना तो पुन्हा ३०० होतो. यावरून मोठे ते स्वस्त हा समज किती ढोबळ आहे हे ध्यानात येते. खर्चाची रेषा सरळ न उतरता पायऱ्यापायऱ्यांनी वरखाली होते.

याला कपाशीच्या वाहतुकीची जोड द्यावी लागते. उतारा, म्हणजे कपाशीतून निघणाऱ्या रुईचे प्रमाण, ३४ टक्के धरला तर एका गाठीला पाच क्विंटल कपाशी लागते. बारा जिनांपुरती कपाशी २० किलोमीटरच्या आत मिळत असेल, तर चौपट कपाशीसाठी ४० किलोमीटरपर्यंत जावे लागेल, कारण क्षेत्र हे त्रिज्येच्या वर्गाने वाढते. माल सगळीकडे सारखा पिकतो असे धरल्यास सरासरी अंतर १३ वरून चोवीस जिनांना १९ आणि अठ्ठेचाळीस जिनांना २७ किलोमीटर होते. एका गाठीच्या कपाशीला किलोमीटरमागे १० रुपये धरले, तर प्रेस व वाहतूक मिळून दर गाठीला बारा जिनांच्या कारखान्यात ७३०, चोवीसच्या ४९० आणि अठ्ठेचाळीसच्या ५७० रुपये लागतात. म्हणजे या गृहीतांवर चोवीसचा कारखाना सर्वांत स्वस्त; त्याहून मोठा त्याला हरवू शकत नाही. एकाच गावी अवाढव्य कारखाना न होता जिन तालुक्यातालुक्यांत विखुरलेले दिसतात, त्यामागे हे एक मोठे कारण असावे.

सरकीचे तेल साठवण्याच्या टाक्यांत बचतीचे कारण निराळे असते. टाकीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर पत्रा चौपट लागतो, पण माल आठपट मावतो. जिनांत असे होत नाही. जिन दुप्पट हवे असतील तर दुप्पटच घ्यावे लागतात.

मोठ्या कारखान्याची कमकुवत बाजू पीक बुडाले की दिसते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले. अशा वर्षी चोवीस जिनांच्या कारखान्यात निम्मीच कपाशी आली, तर प्रेसचा भार दर गाठीला पुन्हा ६०० होतो आणि रिकाम्या जिनांचे व्याज वर राहते. बारा जिनांच्या शेजाऱ्याला मात्र तेवढीच कपाशी पुरी पडते. प्रेस दिवसातले किती तास रुईची वाट पाहत थांबतो, हे या बिघाडाचे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे. हे टाळण्यासाठी मोठे कारखानदार हंगामाच्या तोंडी कपाशीला चढा भाव देऊन ती आपल्या आवारात ओढतात. अशा वेळी बचतीचा काही भाग शेतकऱ्याच्या हाती पडतो. जवळपास दुसरा खरेदीदार नसेल तर तो कारखानदाराकडेच राहतो आणि सूतगिरणीला गाठही स्वस्त मिळत नाही.